रवा भाजताना नाकाचं ऐकावं

उपमा चिकट झाला की दोष हमखास पाण्याला दिला जातो. पुढच्या खेपेला पाणी कमी घातलं जातं आणि चिकटपणा तसाच राहून वर उपमा घशाला लागतो. बहुतेक वेळा चूक पाण्याच्या आधीच, रवा नुसता कढईत असताना होऊन गेलेली असते.

रवा म्हणजे गव्हाच्या दाण्यातल्या पांढऱ्या गराचे कण. त्यात मुख्यतः स्टार्च असतं, थोडी प्रथिनं असतात आणि कोरडा दिसला तरी शंभरात 12-13 भाग ओलावाही असतो. कच्च्या रव्यावर गरम पाणी पडलं की कणांचा बाहेरचा भाग फुगून चिकट होतो, शेजारचे कण एकमेकांना धरतात आणि खळ तयार होते. भाजल्याने हा ओलावा बराचसा जातो आणि उष्णतेमुळे प्रथिनांचा चिवटपणाही कमी होतो. मग प्रत्येक कण आपापला फुगतो. उपमा मोकळा होतो तो यामुळे.

एक मोठी वाटी जाड रवा घेतला, म्हणजे साधारण 150 ग्रॅम, तर जाड बुडाच्या कढईत मंद ते मध्यम आचेवर 7-8 मिनिटं लागतात. कढई आधी मिनिटभर तापवावी, मग रवा घालून सतत हलवत राहावं. उलथनं बुडापर्यंत आणि कडेपर्यंत फिरलं पाहिजे, कारण खाली बसलेली बारीक पूड सगळ्यात आधी करपते. सुरुवातीची दोन-तीन मिनिटं काहीच घडत नाहीसं वाटतं. नंतर कच्च्या पिठाचा वास येतो. इथेच अनेकजण गॅस बंद करतात. वास आला म्हणजे झालं, असा समज असतो. पण तो वास जाऊन खमंगपणा यायला अजून दोन-तीन मिनिटं हवी असतात.

घड्याळ इथे अंदाजापुरतंच. कढईची जाडी, रव्याचा जाडेपणा आणि पावसाळी हवा यांनी वेळ बदलते. बारीक रवा चार-पाच मिनिटांत होतो. भरवशाच्या खुणा वेगळ्याच आहेत: रवा हलका होऊन उलथन्यावरून कोरड्या वाळूसारखा सरसर ओघळतो, आणि खमंग वास कढईवर न वाकताही जाणवतो. रंग मात्र फारसा बदलायला नको. शिऱ्यासाठी तुपात भाजताना येणारा गुलाबीपणा उपम्याला नको असतो. तो तपकिरी झाला तर उपमा किंचित कडसर लागतो.

घाईची आच मोठी केली तर कणांची बाहेरची बाजू आधी तांबूस होते आणि आत कच्चेपणा राहतो. गॅस बंद केल्यावरही जाड कढई रवा भाजतच असते, म्हणून तो लगेच ताटात काढावा.

काही घरांत रवा फोडणीतच, कांद्यावर घालून परततात. चव चांगली येते, पण कांद्याला सुटलेल्या पाण्यामुळे रवा भाजला न जाता भिजतो. निदान नवशिक्याने तरी तो वेगळा कोरडाच भाजावा.

आता पाणी. फोडणीत मोहरी, उडदाची डाळ, कढीपत्ता, मिरची, आलं आणि कांदा झाला की त्याच वाटीने अडीच वाट्या पाणी घालावं. मऊसर, उडपी हॉटेलात मिळतो तसा उपमा हवा असेल तर तीन. मीठ आणि चिमूटभर साखर याच पाण्यात घालून चव बघावी. ते किंचित खारट लागलं तर उपमा बेताचा होतो. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर आच मंद करायची आणि एका हाताने रवा भुरभुरत दुसऱ्या हाताने ढवळायचं. पाणी कोमट असताना किंवा सगळा रवा एकदम ओतला तर गुठळ्या होतात. गुठळीचं बाहेरचं आवरण फुगून बंद होतं आणि आतला रवा कोरडाच राहतो. अशी गुठळी वाफेने सुटत नाही, ती चमच्याने कढईच्या कडेला दाबूनच फोडावी लागते.

भाजलेल्या रव्यावर उकळतं पाणी ओतण्याची पद्धतही चालते, फक्त तेव्हा वाफ उसळून हात भाजतो. आच अगदी मंद करून, कढईपासून जरा लांब राहूनच पाणी घालावं.

पाणी शोषलं गेलं की झाकण ठेवून मंद आचेवर तीन मिनिटं, मग गॅस बंद करून पाच मिनिटं वाफ मुरू द्यावी. त्यानंतर लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं.

एकदम अर्धा किलो रवा भाजून ठेवायचा असेल तर वेळ 15 मिनिटांच्या आसपास जाते. तो पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावा. गरम भरला तर वाफ धरते. असा रवा पावसाळ्यातही लवकर किडत नाही आणि सकाळी उपमा करताना तो फक्त मिनिटभर गरम करून घ्यावा लागतो.