कागद राखाडी येतोय की अक्षर फिकं? कार्ट्रिज टाकून देण्याआधी हे बघा



मागच्या जुलैत एका गटाच्या सेवा केंद्रावर गेले होते. सातबारा, फॉर्म, पासबुकाच्या झेरॉक्स, गटांच्या कर्जाच्या फाइली असं सगळं तिथं छापून मिळतं. टेबलावर खराब कागदांचा हा एवढा गठ्ठा. पांढरा कागद राखेच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखा, आणि त्यावरची अक्षरं मात्र फिकी. एका गटाची कर्जाची फाइल बँकेनं परत पाठवली होती, कारण ठरावाच्या प्रतीवरचा शिक्का वाचता येत नव्हता. लोक पुढच्या गावच्या दुकानात जायला लागले होते. दुरुस्तीवाल्यानं फोनवरच सांगितलं होतं, "कार्ट्रिज गेलं, नवीन घ्या." सचिव ताई पैसे काढायच्या तयारीत होत्या. मी म्हटलं, थांबा, आधी बघू तरी.

आधी आत काय चालतं ते समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. प्लास्टिकचा कंगवा केसांवर घासला की तो कागदाचे कपटे ओढतो, हे आपण लहानपणी केलंय. लेझर प्रिंटर याच विजेवर चालतो. आत हिरव्या किंवा निळ्या चकाकीची एक गुळगुळीत नळी असते, तिला ड्रम म्हणतात. प्रिंटर आधी या ड्रमवर सगळीकडे सारखा विजेचा भार चढवतो. मग जिथं अक्षर उमटवायचं तिथं लेझरचा उजेड पडतो आणि तेवढ्या जागेवरचा भार उतरतो. टोनर म्हणजे काळी पावडर. ती भार उतरलेल्या जागी चिकटते, भार असलेल्या जागेपासून लांब राहते. ड्रमवरून ती कागदावर येते आणि पुढचा गरम रोलर तिला वितळवून पक्की करतो. ड्रमवर उरलेली पावडर एक रबरी पट्टी पुसून घेते. तिला ब्लेड म्हणतात. पुसलेली पावडर कचऱ्याच्या कप्प्यात जाते.

म्हणजे कागदाचा पांढरेपणा ड्रमच्या भारावर टिकतो. ड्रमनं भार नीट धरला नाही, तर पावडर नको तिथंही बसते. राखाडी कागद म्हणतात तो हाच. आणि अक्षराच्या जागी पावडर कमी पोचली की अक्षर फिकं येतं. दोन्ही तक्रारी वेगळ्या आहेत, पण आपण घाईत दोन्हींवर एकच औषध देतो, आणि तिथंच चुकतं.

या केंद्रावर तेच झालं होतं. सुरुवातीला तक्रार फक्त फिकेपणाची होती. कागदाच्या मधोमध एक उभा पट्टा फिका यायचा, बाजूची अक्षरं चांगली. हे पावडर संपत आल्याचं ओळखीचं लक्षण. पिठाचा डबा एका बाजूनं रिकामा व्हावा तशी पावडर एका जागी कमी पडते. अशा वेळी कार्ट्रिज बाहेर काढायचं, दोन्ही हातांनी आडवं धरून पाच-सहा वेळा हळू डावीकडे-उजवीकडे हलवायचं आणि परत बसवायचं. पट्टा गेला तर समजा पावडर संपत आली आहे आणि आता थोडेच कागद निघतील. ताईंच्या मुलीला हे माहीत नव्हतं. तिनं कॉम्प्युटरवर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये जाऊन Print Density ३ वरून थेट ५ वर नेली.

डेन्सिटी म्हणजे अक्षर किती गडद हवं ते. त्या प्रिंटरवर १ ते ५ असे आकडे आहेत आणि ३ हा नेहमीचा. दुसऱ्या प्रिंटरवर नाव आणि आकडे वेगळे दिसतील. आकडा वाढवला की ड्रमकडे पावडर ढकलणारा जोर वाढतो. आठवडाभर अक्षरं गडद आली, मुलगी खूश. पण पावडर दुप्पट वेगानं गेल्यासारखी संपली. वर जोर वाढल्यामुळे जिथं ड्रमचा भार थोडा कमी होता तिथंही पावडर बसायला लागली. कागद राखाडी झाला. मग रिफिल केलं. डेन्सिटी मात्र ५ वरच राहिली. राखाडीपणा आणखी वाढला.

आता आम्ही काय केलं ते क्रमानं सांगते. तुमच्याकडे हा त्रास असेल तर याच क्रमानं जा.

पहिल्यांदा एक कोरं पान छापायला दिलं, एकही अक्षर नसलेलं. कोरा कागदही राखाडी आला, म्हणजे दोष मजकुरात नाही. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. तुमचं मशीन झेरॉक्सपण काढत असेल आणि राखाडीपणा फक्त झेरॉक्सवर येत असेल, कॉम्प्युटरवरून दिलेला कागद पांढरा येत असेल, तर ड्रमचा काही संबंध नाही. काच मळलेली असेल, मूळ कागदच रंगीत असेल, किंवा झेरॉक्सचं गडद-फिकं बटण गडदकडे गेलं असेल. पासबुकाचं रंगीत पान हमखास राखाडी येतं. आमच्याकडे दोन्ही कागद राखाडी येत होते.

मग डेन्सिटी ३ वर आणली. EconoMode नावाचा टोनर वाचवायचा पर्याय चालू आहे का तेही पाहिलं, कारण तो चालू असला की अक्षर मुद्दामच फिकं येतं. तो बंद होता. कोरं पान पुन्हा छापलं. राखाडीपणा निम्म्यानं कमी झाला, पण गेला नाही. सेटिंगचा दोष असता तर कागद पूर्ण पांढरा आला असता.

तिसरी गोष्ट कागदाची. पावसाळ्यात उघडं पडलेलं रिम हवेतला ओलावा पितं. दमट कागदातून वीज झिरपून जाते, म्हणून ड्रमवरची पावडर कागदावर नीट उतरत नाही आणि अक्षर डागाडागांचं, फिकं येतं. टेबलावरचं रिम चार दिवसांपासून उघडं होतं. नवं रिम फोडून त्यातला कागद लावला. अक्षर जरा सुधारलं, राखाडीपणा मात्र तसाच.

आता कार्ट्रिज आणि प्रिंटर यातलं नक्की काय बिघडलंय ते ठरवायचं होतं. ग्रामसंघाच्या कार्यालयात त्याच मॉडेलचा प्रिंटर आहे. तिथलं कार्ट्रिज दहा मिनिटांसाठी मागून आणलं आणि बसवलं. कोरं पान दुधासारखं पांढरं! म्हणजे प्रिंटर ठणठणीत होता आणि दोष कार्ट्रिजमध्ये होता. माझ्या मते यापेक्षा पक्की परीक्षा नाही, आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

दुसरं कार्ट्रिज मिळणार नसेल तर एक युक्ती आहे. काळं-पांढरं पान छापायला द्या आणि कागद अर्धा आत गेला की झाकण उघडा. कागद हळूच ओढून काढा. त्यावरची पावडर पक्की झालेली नसते, हात लावला की पुसते, त्यामुळे साडी सांभाळा. आतला गरम रोलर हाताला लागू देऊ नका. कार्ट्रिज काढून ड्रमवरचं छोटं झाकण क्षणभर सरकवा. कोऱ्या जागीही ड्रमवर राखाडी थर दिसला तर दोष कार्ट्रिजचा. ड्रमवर अक्षरं काळीभोर आणि कागदावर फिकी असतील, तर पावडर ड्रमवरून कागदावर उतरत नाहीये. मग कागद दमट आहे का, किंवा कागदाखालचा रोलर खराब झालाय का, ते तपासून घ्यावं.

ड्रम बघताना त्याला बोट लावायचं नाही आणि उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली ठेवायचा नाही. उजेडानं ड्रम खराब होतो. बाहेर ठेवावंच लागलं तर जाड काळ्या कापडात गुंडाळा.

आमच्या ड्रमच्या दोन्ही टोकांना हिरवा थर घासून खालचा चंदेरी धातू दिसत होता आणि मध्ये गोल-गोल चरे पडले होते. हा थर आपल्या केसापेक्षाही पातळ असतो. प्रत्येक कागदाला ब्लेड त्यावरून घासतं. थर झिजला की भार धरत नाही, आणि मग कितीही चांगली पावडर भरा, कागद राखाडीच येणार. ड्रमवर एका ठिकाणी डाग किंवा चरा असेल तर तो कागदावर ठराविक अंतरानं पुन्हा पुन्हा उमटतो. या छोट्या कार्ट्रिजमध्ये ते अंतर साधारण साडेसात सेंटीमीटर भरतं, म्हणजे ड्रमचा एक फेरा. पट्टी लावून मोजा. आमच्या पानावर तसा ठिपका तीन वेळा आला होता.

ताईंची वही पाहिली तर कळलं की त्या कार्ट्रिजचं पाच वेळा रिफिल झालं होतं, आणि ड्रम एकदाही बदलला नव्हता. कचऱ्याचा कप्पाही भरलेला. तो भरला की वापरलेली पावडर बाहेर सांडते आणि कागदावर काळी पूड पडते. तालुक्याला दुसऱ्या दुरुस्तीवाल्याकडे नेलं. नवा ड्रम, नवं ब्लेड, कचरा साफ आणि त्याच मॉडेलची पावडर, सगळं मिळून साडेतीनशे रुपये लागले. नवीन कार्ट्रिजच्या तुलनेत काहीच नाही. "त्याच मॉडेलची पावडर" हे मात्र तोंडानं मागून घ्या. पावडरीचा विजेचा स्वभाव मॉडेलप्रमाणे वेगळा असतो. चुकीची पावडर भरली तर कागद राखाडी आणि अक्षर फिकं, दोन्ही एकदम येतं, आणि आपण ड्रमला दोष देत बसतो.

काही प्रिंटरमध्ये टोनर वेगळा आणि ड्रम वेगळा असतो. तिथं ड्रम जास्त टिकतो. साधारण चार-पाच टोनर संपले की एक ड्रम. ड्रम बदलायचा संदेश आला आणि नुसता आकडा शून्यावर आणला तर संदेश जातो, ड्रम काही नवा होत नाही.

आता अंदाज कसा ठेवायचा? आपल्याकडे खूप ठिकाणी दिसणाऱ्या १२ए कार्ट्रिजची क्षमता २००० पानं सांगितलेली आहे, म्हणजे चार रिम. पण ती पानाचा फक्त ५ टक्के भाग काळा धरून. फोटो असलेले फॉर्म आणि काळे मथळे जास्त छापलेत तर त्याच्या बरंच आधी पावडर संपेल. म्हणून त्या केंद्रावर आता रिम फोडलं की वहीत तारीख टाकतात, शेजारी रिफिलचा आकडा, आणि तिसऱ्या रिफिलला ड्रम उघडून बघतात. डेन्सिटी ३ वरच आहे, आणि त्या आकड्याला हात लावायचा असेल तर ताईंना विचारायचं असं ठरलंय.

पावडर फरशीवर सांडली तर ओल्या थंड फडक्यानं पुसा, तोंडाला रुमाल बांधा. कपड्यावर पडली तर आधी झटका, मग थंड पाण्यानं धुवा. गरम पाणी लावलं की ती वितळून कापडात बसते, माझ्या एका ओढणीवरचा डाग अजून गेलेला नाही.