अक्षर बिघडलंय? सुलेखनाचं पुस्तक घेण्याआधी

चाळिशीनंतर स्वतःचीच टिपणवही वाचता येईनाशी झाली की लोक दुकानात जाऊन सुलेखनाचं पुस्तक उचलतात. सुलेखन शिकलं की हस्ताक्षर आपोआप सुधारतं, हा यातला सर्वांत मोठा गैरसमज आहे. अच्युत पालव यांच्यासारखे कलाकार बोरू किंवा रुंद टोकाचं पेन वापरतात. जाड-बारीक रेषा त्या टोकातून आणि ते धरण्याच्या कोनातून येतात आणि एकेक अक्षर सावकाश घडतं. बॉलपेनला तसं टोक नाही, आणि बँकेचा फॉर्म भरताना तेवढा वेळही नाही. सुलेखनातून अक्षराची प्रमाणं नजरेत बसतात, हा फायदा खरा. पण तुमचं अक्षर बिघडवलंय वेगानं, आणि त्यावर ते पुस्तक काही सांगत नाही.

दुसरा गैरसमज म्हणजे पुन्हा 'अ'पासून सगळी मुळाक्षरं गिरवायला हवीत. वाचणारा बहुधा मोजक्याच अक्षरांवर अडतो. 'ध', 'भ' आणि 'थ' घ्या. तिन्हींच्या डोक्यावर डावीकडे शिरोरेषा तुटते आणि तिथे छोटा वळसा दिसतो. घाईत आपण शब्दावरून एकच सरळ रेघ ओढतो. तो वळसा रेघेत बुडतो आणि 'ध'चा 'घ', 'भ'चा 'म', 'थ'चा 'य' होतो. 'धनादेश भरला' हे 'घनादेश मरला' असं दिसू लागतं. 'ख'चे दोन भाग खाली जुळले नाहीत, तर 'दवाखाना'चा 'दवारवाना' होतो. म्हणून आधी रोजच्या वेगानं एक पान लिहा, दुसऱ्याला मोठ्यानं वाचायला द्या आणि तो अडखळेल तिथे खूण करा. सरावाचं पान त्या खुणांतूनच तयार होतं. वळसा आधी काढा, रेघ तिथे तोडा. संथपणे जमलं की वेग वाढवा आणि तोच मजकूर पुन्हा वाचून घ्या.

शिरोरेषा गाळली की सगळं बिघडतं, हेही पूर्ण खरं नाही. तिच्याशिवाय 'भ'चा वळसा उलट मोकळा राहतो. मात्र शब्दांमध्ये जास्त जागा सोडावी लागते, कारण शब्द कुठे संपला हे एरवी तीच सांगते. (मला स्वतःला बिनरेघेचं मराठी उघडंबोडकं वाटतं, पण वाचता येतं.)

इंग्रजीसाठी बार्बरा गेटी आणि इंगा डुबे यांचं 'राइट नाउ' हे पुस्तक प्रौढांसाठीच आहे. ते तिरप्या, साध्या, वळसे नसलेल्या इटॅलिक वळणावर भर देतं. देवनागरीला त्याचा थेट उपयोग नाही. मुलांची चार रेघी वहीही रोमन अक्षरांच्या उंचीसाठी आखलेली असते.

आणि एक मर्यादा. अक्षर अलीकडेच, कारण नसताना बारीक होत गेलं, ओळीच्या शेवटी आणखी आक्रसलं, किंवा लिहिताना हात थरथरू लागला, तर तो पुस्तकाचा विषय नाही. पार्किन्सनसारख्या आजारात असं होतं. तेव्हा न्यूरॉलॉजिस्टकडे जाताना जुन्या वहीतलं एखादं पान आणि आजचं पान दोन्ही सोबत न्यावं.