पाडव्याला साइट का सुरू झाली नाही?

रत्नागिरीच्या एका बागायतदाराने यंदा हापूस स्वतःच्या वेबसाइटवरून विकायचं ठरवलं आहे, असं धरू. मुहूर्त गुढीपाडव्याचा. पेट्या आल्या, कुरिअरवाल्याशी दर ठरला, नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपवर तारीख कळवून झाली. आणि आदल्या संध्याकाळी साइट बनवणाऱ्या पुण्याच्या मुलीचा मेसेज येतो: ‘काका, पेमेंट गेटवेचं अप्रूव्हल पेंडिंग आहे. झालं की लगेच लाइव्ह करू.’

मेसेजमध्ये खोटं काही नाही. तरी तो वाचून काकांच्या हाती काहीच लागत नाही. हे अप्रूव्हल द्यायचं कोणी, ते अडलंय कशामुळे, दोन दिवस लागतील की दोन आठवडे, आणि आपण फोन करायचा तर कोणाला? सॉफ्टवेअरच्या धंद्यात असे मेसेज रोज जातात. त्यातून उडणाऱ्या बहुतेक खटक्यांचं मूळ उशिरापेक्षा या मोघमपणात असतं.

गेटवे म्हणून आपण ज्या कंपन्यांना ओळखतो, त्यांतल्या बऱ्याच कंपन्या रिझर्व्ह बँकेच्या भाषेत ‘पेमेंट अ‍ॅग्रिगेटर’ आहेत. गिऱ्हाइकाचे पैसे आधी त्यांच्याकडे, बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात जमा होतात आणि मग दुकानदाराला मिळतात. दुसऱ्याचे पैसे मध्ये हाताळायचे म्हटल्यावर दुकानदार कोण आहे हे तपासणं आलंच. रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत ही जबाबदारी अ‍ॅग्रिगेटरवर टाकली. दुकानदाराची पार्श्वभूमी तपासायची, आणि त्याच्या साइटवर विक्रीच्या अटी व पैसे परत करण्याची मुदत स्पष्ट लिहिली आहे की नाही तेही पाहायचं. म्हणून गेटवेचा माणूस कागदांइतकीच बारकाईने साइट वाचतो.

‘पेंडिंग’ या एका शब्दाखाली निदान तीन वेगळ्या अवस्था झाकल्या जातात. अर्ज अजून भरलेलाच नाही, ही पहिली. ती कबूल करायला जड जाते. अर्ज गेलाय आणि तपासणी चालू आहे, ही दुसरी. तिथे थांबण्यावाचून इलाज नसतो. तिसरीत गेटवेने शंका काढलेली असते आणि उत्तर आपल्याकडून जायचं असतं. डॅशबोर्डवर अशा वेळी `Needs Clarification` असं दिसतं. कोणीतरी उठून कागद पाठवेपर्यंत अर्ज तिथेच पडून राहतो.

काकांचा अर्ज तिसऱ्या अवस्थेत होता. व्यवसाय त्यांच्या नावावर, त्यामुळे पॅन त्यांचं. खातं मात्र मुलाचं दिलेलं, कारण मोबाइलवरची बँक तोच बघतो. गेटवे खात्यात एखादा रुपया टाकून बँकेकडे नोंदलेलं नाव मिळवतो आणि अर्जातल्या नावाशी ताडून पाहतो. बाप-लेकाचं आडनाव एक असलं तरी नाव जुळत नाही; अर्ज थांबला. साइटवरही दोन गोष्टी नव्हत्या. संपर्काच्या पानावर नुसता मोबाइल नंबर होता, पत्ता नव्हता. आणि आंबा खराब निघाला तर काय, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. शिवाय आंब्यांसोबत डबाबंद आमरसही विकायला ठेवलेला, म्हणजे प्रक्रिया केलेला खाद्यपदार्थ. त्यासाठी एफएसएसएआयचा नोंदणी क्रमांक मागितला गेला.

एवढं कळल्यावर तोच मेसेज असा लिहिता येतो:

‘नमस्कार काका. उद्या पाडव्याला साइट सुरू करता येणार नाही, हे आधीच सांगते. साइट तयार आहे, चाचणीच्या ऑर्डरी नीट जातात. गेटवेकडे अर्ज सोमवारी दिला होता, आज दुपारी त्यांनी शंका काढल्या आहेत. पॅन तुमचं आणि बँक खातं दादाचं असल्यामुळे नाव जुळत नाही. तुमच्या स्वतःच्या खात्याचा रद्द केलेला चेक आणि बागेचा पूर्ण पत्ता उद्या दुपारपर्यंत पाठवाल का? खराब फळाच्या भरपाईचा मजकूर मी लिहून पाठवते, तुम्ही फक्त बघून होकार द्या. आमरसाचा परवाना हाताशी नसेल तर तो माल सध्या साइटवरून काढू, आंबे अडणार नाहीत. कागद गेल्यावर ते पुन्हा तपासतील. त्याला किती दिवस लागतील ते माझ्या हातात नाही, म्हणून तारीख देत नाही. मंजुरी आल्यावर मला एक दिवस लागेल. गुरुवारी संध्याकाळी, काही झालेलं नसलं तरी, मी फोन करते.’

मेसेज लांब आहे, पण वाईट बातमी पहिल्याच ओळीत आहे. काकांनी काय पाठवायचं ते नेमकं आहे. ‘दोन दिवसांत होईल’ हे वाक्य मात्र मुद्दाम टाळलं आहे, कारण दुसऱ्याच्या टेबलावरच्या कामाची तारीख आपण दिली की ती हुकल्यावर खोटे आपणच ठरतो. तिने फक्त स्वतःच्या हातातल्या दोन गोष्टींचा शब्द दिला: मंजुरीनंतरचा एक दिवस आणि गुरुवारचा फोन.

तो एक दिवस खरंच लागतो. चाचणीच्या किल्ल्या बदलून खऱ्या घालाव्या लागतात. रेझरपेमध्ये `rzp_test_` ने सुरू होणाऱ्या किल्लीच्या जागी `rzp_live_` वाली येते. मग स्वतःच्या कार्डाने एक छोटी खरी खरेदी करायची, ऑर्डर ‘पैसे मिळाले’ अशी नोंदली गेली का ते पाहायचं आणि ती रक्कम परत करून बघायची. काही वेळा यूपीआय सुरू होतं, पण एखाद्या बँकेचं नेटबँकिंग किंवा एखादं कार्ड वेगळ्या मंजुरीसाठी मागे राहतं. त्यासाठी साइट अडवून ठेवू नये.

तारीख न देण्यामागे अनुभव आहे. डिसेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेझरपे आणि कॅशफ्री यांना नवे ऑनलाइन दुकानदार घेणं तात्पुरतं थांबवायला सांगितलं. ते ‘तात्पुरतं’ सुमारे वर्षभर चाललं; अंतिम परवाना डिसेंबर २०२३ मध्ये मिळाला. त्या काळात ज्यांनी क्लायंटला ‘पुढच्या आठवड्यात’ असं लिहिलं असेल, त्यांची पंचाईत वेगळी सांगायला नको.

मधल्या काळात विक्री पूर्ण थांबवायची गरज नसते. ऑर्डर साइटवर नोंदवून घ्यायची आणि पैसे काकांच्या बँकेच्या यूपीआय क्यूआरवर घ्यायचे, असं करता येतं. मात्र गिऱ्हाइकाने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर माल सोडायचा नाही. बारा अंकी संदर्भ क्रमांक बँकेच्या नोंदीत दिसला तरच पेटी निघेल. रोज पंधरा-वीस ऑर्डरींपर्यंत हे हाताने जमतं, पुढे घोळ होतो. माल पोचल्यावर पैसे घेणं हापूसच्या बाबतीत धोक्याचं, कारण परत आलेली पेटी दुसऱ्याला विकता येत नाही. आणि ‘मेहुण्याच्या दुकानाचं गेटवे खातं आहे, तेच लावा’ ही सूचना आली तर डेव्हलपरने ठाम नकार द्यावा. एका धंद्याचे पैसे दुसऱ्याच्या खात्यातून फिरवणं गेटवेच्या अटींत बसत नाही, आणि ते लक्षात आलं की भर हंगामात मेहुण्याचेही पैसे अडकू शकतात.

साइट करून घेणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, की लोगोचा रंग ठरवण्याआधी पॅन कार्ड आणि त्याच नावाच्या खात्याचा रद्द केलेला चेक डेव्हलपरच्या हाती द्या, आणि अर्ज पहिल्याच आठवड्यात भरायला लावा.