कुत्र्याला आधी जवळ येऊ द्या

एआयकडून छोटा व्हिडिओ करून घेताना आपण सहज लिहितो, ‘बागेत लहान मुलगी आणि कुत्रा खेळत आहेत.’ मग बहुतेक वेळा लांब सोनेरी केसांचा विलायती कुत्रा, कातरलेली हिरवळ आणि कुत्र्याच्या गळ्यात पडून कॅमेऱ्याकडे हसणारी मुलगी समोर येते. ‘खेळत आहेत’ या शब्दांतून नेमकं कोण काय करतंय ते कळत नाही. मग मॉडेल शिकताना पाहिलेल्या असंख्य फोटोंतला ठरलेला प्रसंग उचलतं.

त्यातली मिठी मला खटकते. पुष्कळ कुत्र्यांना गळ्याभोवती आवळलेले हात सोसत नाहीत. ते तोंड वळवतात, ओठांवरून जीभ फिरवतात, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागतो. आपल्याला माया वाटते, तिथे कुत्रा अवघडलेला असतो. आणि असे व्हिडिओ मुलंही बघतात. म्हणून पुढाकार कुत्र्याकडे द्यावा. प्रॉम्प्ट असा लिहिता येईल:

‘सकाळचं कोवळं ऊन. अंगणात जास्वंदीजवळ पाच वर्षांची मुलगी मांडी घालून बसली आहे. तांबूस, आखूड केसांचा, उभ्या कानांचा, वळलेल्या शेपटीचा गावठी कुत्रा सैल अंगाने, शेपटी हलवत तिच्याकडे येतो. ती उघडा तळहात खाली धरते. तो हात हुंगतो आणि तिच्या शेजारी बसतो. दोघं एकमेकांकडे पाहतात. कॅमेरा मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर, स्थिर.’

यात चेंडू नाही, धावपळ नाही. अनेक साधनं एका वेळी जेमतेम पाच-दहा सेकंदांचा तुकडा देतात. तेवढ्यात चार गोष्टी कोंबल्या की पाय एकमेकांत मिसळतात, शेपटी मध्येच गायब होते. खांद्यावर हात ठेवण्याचा क्षण दाखवायचा असेल तर तो पुढच्या तुकड्यात घ्यावा. पहिल्या तुकड्याची शेवटची चौकट त्याला सुरुवातीचं चित्र म्हणून दिली, की मुलीचा चेहरा आणि कुत्र्याचा रंग बदलण्याची शक्यता बरीच कमी होते.

नकारही जपून लिहावा लागतो. ‘पट्टा नको’ लिहिलं तर कित्येकदा नेमका पट्टाच उमटतो, कारण मॉडेलला ‘पट्टा’ हा शब्द मिळालेला असतो. ‘गळा मोकळा’ लिहिलेलं बरं.

तयार व्हिडिओ एकदा सावकाश, थांबवत थांबवत पाहावा. नजर ठेवायची ती हात केसांना टेकतो त्या जागेवर, कारण बिघाड बहुधा तिथेच होतो: बोटं केसांत बुडतात किंवा सहा होतात. तसं झालं तर सगळा प्रॉम्प्ट बदलू नये. ‘कुरवाळते’ काढून ‘हात खांद्यावर अलगद ठेवते, हात स्थिर राहतो’ एवढंच लिहावं आणि तोच तुकडा पुन्हा करून घ्यावा.