कागदावरचा मॉसफेट

मॉसफेटच्या गेटला किती व्होल्टेज दिलं म्हणजे ड्रेनमधून सोर्सकडे नेमका किती करंट वाहील, हे काढायला वही-पेन पुरतं. सॅच्युरेशनमध्ये हा करंट जवळजवळ फक्त गेट-सोर्स व्होल्टेजवर ठरतो:

ID = (k/2)(VGS − Vt)²

Vt हा उंबरठा. VGS त्याच्या खाली असेल, तर करंट जवळजवळ शून्य.

समजा, पुरवठा १२ व्होल्ट, Vt २ व्होल्ट, k दर व्होल्टवर्गाला १ मिलिअँपिअर आणि आपल्याला हवाय अर्धा मिलिअँपिअर. म्हणजे VGS उंबरठ्याच्या १ व्होल्ट वर, ३ व्होल्ट हवं. मग पुरवठ्यावरून थेट ३ व्होल्ट गेटला देऊन मोकळं व्हावं, असं वाटतं. पण एकाच पाकिटातल्या दोन मॉसफेटचे उंबरठे सारखे नसतात. Vt २.५ निघाला, तर करंट एकदम चौथा हिस्सा, ०.१२५ मिलिअँपिअर!

म्हणून सोर्सखाली रेझिस्टर घालायचा. करंट कमी झाला की सोर्सचं व्होल्टेज उतरतं, VGS वाढतं आणि करंट सावरला जातो. सोर्स ३ व्होल्टवर ठेवू: ३ भागिले अर्धा मिलिअँपिअर, म्हणजे ६ किलोओम. बाजारात ६.२ मिळतो. गेट ६ व्होल्टवर हवं, म्हणजे पुरवठ्याच्या निम्म्यावर. १ मेगओमचे दोन रेझिस्टर पुरे, कारण गेट करंट ओढतच नाही म्हटलं तरी चालतं. ड्रेन साधारण ७.५ व्होल्टवर ठेवायला ९.१ किलोओम.

आता खरे आकडे धरून पुन्हा ताडून बघू. उंबरठ्यावरचं व्होल्टेज v मानलं, तर:

4 − v = 3.1v²

उत्तरं दोन: ०.९९ आणि −१.३. दुसरं टाकायचं, कारण उंबरठ्याखाली हे सूत्र लागूच होत नाही. करंट ०.४९ मिलिअँपिअर, ड्रेन-सोर्स व्होल्टेज साधारण ४.६, ते v पेक्षा बरंच जास्त, म्हणजे सॅच्युरेशनचं गृहीतक टिकलं. Vt २.५ झाला तरी करंट ०.४२ वरच थांबतो.

ही शेवटची तपासणी लोक हमखास विसरतात. ड्रेनला २२ किलोओम लावले, तर हिशेबात ड्रेन १.३ व्होल्टवर, सोर्सच्याही खाली येतो. तसं घडत नाही. मॉसफेट सॅच्युरेशनबाहेर गेलेला असतो आणि वरचं सूत्र रद्द होतं. उंबरठ्याला अगदी चिकटून काम करायचं असेल किंवा चॅनल फार आखूड असेल, तरीही हा वर्गाचा नियम चुकतो.

बोर्डवर गेटचं व्होल्टेज मोजू नका. १० मेगओमचा मल्टिमीटर लावताच ६ ऐवजी ५.७ दिसतात आणि तेवढ्यापुरतं ते खरंच तेवढं होतं. सोर्सवर मोजा आणि ६.२ किलोओमने भागा.