रेकॉर्ड केलेल्या तासाचं टिपण करताना

कॉलेजातल्या बऱ्याच मुलांच्या फोनमध्ये आता तासांची रेकॉर्डिंग असतात. शिक्षकांची परवानगी घेऊन फोन टेबलावर ठेवायचा, घरी येऊन त्या आवाजाचा लेखी मजकूर करून घ्यायचा, की पन्नास मिनिटांच्या तासाचे पाचएक हजार शब्द हाती पडतात. अडचण तिथून पुढे सुरू होते. मजकूर सलग असतो. पूर्णविराम नसतात, कोण बोललं ते कळत नाही आणि विषयाच्या मधोमध ‘मागच्या बाकावर लक्ष द्या’ असतं. मग मुलं थोडी काटछाट करतात, दर पानाला एखादा ठळक मथळा टाकतात आणि त्यालाच नोट्स म्हणतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी अशा नोट्स उघडल्या, की तोच तास पुन्हा बसून काढावा लागतो, तोही फळ्याशिवाय.

याचं कारण बोलण्याच्या क्रमात आहे. शिक्षक समोरचे चेहरे बघून शिकवतात. उदाहरण आधी देतात, व्याख्या मागून सांगतात, कुणी प्रश्न विचारला की वळण घेतात आणि दहा मिनिटांनी मूळ मुद्द्यावर येतात. वर्गात हा क्रम योग्यच असतो. वाचणाऱ्याला मात्र विषयाचा क्रम हवा असतो. मजकूर छाटणं हे काम त्यामुळे दुय्यम आहे. खरं काम आहे तो नव्या क्रमाने लावण्याचं.

एक तास घेऊन पाहू. बी.ए.चा वर्ग, सूक्ष्म अर्थशास्त्र, विषय मागणीची किंमत लवचिकता. वस्तूची किंमत बदलली की तिची मागणी कितपत बदलते, ते मोजायची ही कल्पना आल्फ्रेड मार्शल यांनी १८९०च्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ या ग्रंथात मांडली. अशा तासाच्या मजकुरातला एक तुकडा साधारण असा दिसतो:

“तर आता कांदा घ्या कांदा समजा वीस रुपये किलो आहे आणि एका घरात महिन्याला दहा किलो लागतो बरोबर आता तो झाला पंचेचाळीस मग किती टक्के वाढला पंचवीस टक्के पाच भागिले वीस आणि घरात किती आणतील नऊ किलो म्हणजे दहा टक्के घट मग दहा भागिले पंचवीस पॉईंट चार एकापेक्षा कमी म्हणजे लवचिक नाही पूर्ण लवचिक नाही कमी लवचिक”

पहिलं वाचन हातात पेन न घेता, रेकॉर्डिंग ऐकत करावं. या वाचनात फक्त ऐकण्यातल्या चुका शोधायच्या. वरच्या तुकड्यात दोन आहेत आणि दोन्ही घातक आहेत.

पहिली आकड्याची. वीसचे पंचेचाळीस झाले तर वाढ पंचवीस टक्के होत नाही, सव्वाशे टक्के होते. शिक्षक पुढे ‘पाच भागिले वीस’ म्हणतात, म्हणजे किंमत पंचवीस झाली होती. मराठीत पंचवीस, पंचेचाळीस, पंच्याऐंशी हे आकडे बोलताना एकमेकांजवळ येतात आणि यंत्राला ते सहज फसवतात. म्हणून मजकुरातलं प्रत्येक गणित स्वतः करून बघायचं. उत्तर जुळलं नाही तर त्या मिनिटाला जाऊन ऐकायचं.

दुसरी चूक अधिक लपलेली आहे. शिक्षक म्हणाले होते, “म्हणजे अलवचीक. नाही, पूर्ण अलवचीक नाही, कमी लवचीक.” यंत्राने दोन्हीकडचा ‘अ’ गाळला आणि विरामचिन्हंही नाहीत. उरलेलं वाक्य वाचायला ठीक लागतं, पण शिक्षकांनी केलेली दुरुस्ती त्यातून नाहीशी झाली आहे. अलवचीक, असमान, अप्रत्यक्ष असे ‘अ’ने सुरू होणारे शब्द जिथे येतात, तिथे कानाने खात्री करून घ्यावी. विशेषनामांचंही तसंच. ‘गिफेन वस्तू’ची ‘गिफ्ट वस्तू’ होते आणि वाक्य बिनबोभाट पुढे सरकतं. रॉबर्ट गिफेन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वस्तूंची किंमत वाढली की मागणीही वाढते. भेटवस्तूशी त्यांचा काही संबंध नाही.

दुसऱ्या वाचनात सांधे शोधायचे. विषय कुठे बदलतो ते शिक्षक स्वतःच सांगत असतात, फक्त ते शब्द ओळखावे लागतात. ‘आता याचा दुसरा प्रकार’, ‘हे झालं सूत्र’, ‘मागच्या तासाला आपण’, ‘थोडक्यात काय’, ‘हे लिहून घ्या’. प्रत्येक सांध्यापाशी रेकॉर्डिंगमधली वेळ टाकायची, जसं १२:४०. ही वेळ शेवटपर्यंत टिपणात राहू द्यावी. महिन्याभराने एखादं वाक्य कळेनासं झालं, की पूर्ण तास न ऐकता नेमक्या जागी जाता येतं. ‘थोडक्यात काय’नंतरचं वाक्य तर जपूनच ठेवावं, कारण सारांश तिथे बऱ्याचदा तयारच मिळतो.

याच वाचनात फळा परत आणावा लागतो. ‘ही रेषा अशी सरळ उभी’, ‘आणि ही आडवी’, असं मजकुरात असतं आणि कोणती रेषा कशाची, ते कुठेच नसतं. लवचिकतेच्या तासात गोंधळ इथेच होतो. आलेखात किंमत उभ्या अक्षावर आणि मागणी आडव्या अक्षावर असते. त्यामुळे उभी रेषा म्हणजे किंमत कितीही बदलली तरी मागणी तेवढीच, म्हणजे पूर्ण अलवचीक मागणी. आडवी रेषा म्हणजे पूर्ण लवचीक मागणी. ‘ही’, ‘ती’, ‘इथे’, ‘असं’ हे शब्द आले की थांबायचं, वहीतली किंवा पुस्तकातली आकृती काढायची आणि त्या सर्वनामाच्या जागी रेषेचं नाव लिहायचं. आकृती कुठेच मिळाली नाही तर जागा मोकळी सोडावी. अंदाजाने काढलेली चुकीची आकृती पाठ झाली, की ती उत्तरपत्रिकेतही तशीच उतरते.

मग येते मांडणी. या तासात शिक्षकांनी आधी पाच प्रकार फळ्यावर काढले, मग कांद्याचं उदाहरण दिलं, त्यानंतर सूत्र सांगितलं, मधे मार्शल आले आणि शेवटी एकूण खर्चाची पद्धत. टिपणात आधी व्याख्या आणि सूत्र, मग सोडवलेलं उदाहरण, मग प्रकार, मग एकूण खर्च पद्धत आणि अखेरीस मर्यादा. सांध्यांवर वेळा टाकल्या असल्या तर हे तुकडे उचलून हलवणं सोपं जातं.

मथळे मांडणी झाल्यावर द्यावेत आणि ते काहीतरी सांगणारे असावेत. ‘कांद्याचं उदाहरण’ हा मथळा वाचून काही आठवत नाही. ‘कांदा महागला तरी मागणी थोडीच घटते’ यात मुद्दाच आला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी रूढ केलेल्या पद्धतीत पानाच्या डाव्या बाजूच्या अरुंद रकान्यात खुणेचे शब्द किंवा प्रश्न लिहितात, उजवीकडे टिपण आणि तळाशी सारांश. मला स्वतःला मथळा विधानाचा आणि डावीकडे त्याचाच प्रश्न, ही जोडी सगळ्यात उपयोगाची वाटते. उजळणीच्या वेळी उजवी बाजू झाकली की आपलीच परीक्षा होते.

वरच्या तुकड्याचं टिपण असं होईल:

कांदा महागला तरी मागणी थोडीच घटते (१२:४०)
किंमत २० वरून २५ रुपये, म्हणजे २५ टक्के वाढ. मागणी १० वरून ९ किलो, म्हणजे १० टक्के घट. लवचिकता = १० ÷ २५ = ०.४. किंमत आणि मागणी विरुद्ध दिशेने बदलत असल्याने उत्तर खरं तर उणे येतं. उणे चिन्ह सोडून देण्याचा प्रघात आहे. उत्तर १ पेक्षा कमी, म्हणून कमी लवचीक मागणी.
पडताळा: आधीचा खर्च २० × १० = २०० रुपये, नंतरचा २५ × ९ = २२५ रुपये. किंमत वाढल्यावर एकूण खर्चही वाढला, म्हणजे मागणी कमी लवचीक.
सारांश: गरजेच्या वस्तूची किंमत वाढली, की मागणी त्या प्रमाणात घटत नाही आणि घराचा खर्च वाढतो.

यातला पडताळा शिक्षकांनी कांद्यापाशी सांगितलेला नव्हता. तो अर्ध्या तासाने, एकूण खर्चाच्या पद्धतीत आला होता. विषयाच्या क्रमाने लावताना दोन दूरचे तुकडे शेजारी आले आणि एकाने दुसऱ्याला आधार दिला. ऐकण्याच्या क्रमाने लिहिलेल्या टिपणात हे घडलं नसतं.

सारांश दोन ओळींचा पुरे, पण तो मजकूर मिटवून लिहावा. समोर बघून लिहिला तर शिक्षकांचीच वाक्यं आखूड होऊन उतरतात. लिहून झाला की मूळ मजकुराशी ताडून बघायचा आणि त्यात एक गोष्ट मुद्दाम शोधायची: शिक्षकांनी घातलेली अट सुटली का? ‘इतर परिस्थिती कायम असताना’ ही अट अशा सारांशातून हमखास गळते आणि ती नसेल तर विधानच चुकतं.

काय टाकायचं हे बहुतेकदा उघड असतं: हजेरी, दटावणी, तीनदा सांगितलेलं एकच वाक्य. मुलांचे प्रश्न मात्र घाईने टाकू नयेत. याच तासात कुणीतरी विचारतं, “सर, उलट केलं तर? पंचवीसचा वीस झाला तर?” मजकुरात हे विषयांतर वाटतं. पण करून बघा: किंमत २० टक्क्यांनी घटली, मागणी ९ वरून १० म्हणजे साधारण ११ टक्क्यांनी वाढली आणि उत्तर आलं सुमारे ०.५६. कांदा तोच, आकडे तेच, उत्तर वेगळं. शेकडेवारी पद्धतीची ही खरी मर्यादा आहे आणि त्यासाठीच दोन किमतींची आणि दोन मागण्यांची सरासरी पाया धरून मोजतात. तसं केलं तर दोन्ही दिशांनी उत्तर सुमारे ०.४७ येतं. या प्रश्नाची जागा ‘मर्यादा’ या मथळ्याखाली आहे, विद्यार्थ्याचं नाव न घालता.

संज्ञांचा निर्णय एकदाच करावा. शिक्षक कधी ‘इलास्टिसिटी’ म्हणतात, कधी ‘लवचिकता’. टिपणात विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातली किंवा भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशातली संज्ञा शेवटपर्यंत एकच ठेवायची आणि इंग्रजी नाव सुरुवातीला यादीत एकदा द्यायचं, म्हणजे संदर्भग्रंथ उघडल्यावर अडत नाही.

इतकं झालं की पाच हजार शब्दांचे सातआठशे होतात. तयार टिपण त्या दिवशी वर्गात नसलेल्या मित्राला वाचायला द्यावं आणि तो जिथे ‘म्हणजे काय?’ विचारेल तिथे खूण करावी. त्यातल्या काही जागा रेकॉर्डिंग पुन्हा ऐकून सुटतात. उरलेल्यांची वेळेसकट यादी करून पुढच्या तासाआधी शिक्षकांना दाखवायची. ‘सर, बत्तिसाव्या मिनिटाला तुम्ही कोणत्या रेषेबद्दल बोललात?’ असं विचारलं, की त्यांना तो क्षण लगेच आठवतो आणि मोकळी सोडलेली आकृती ते वहीतच काढून देतात.