संडास साफ होत नाही? नवी गोळी कोणाला?

समजा, इंझोरीच्या वस्तीतल्या सत्तरीच्या आजी. इसबगोल, मग लॅक्टुलोज महिनोन्‌महिने नीट घेऊनही कुंथावंच लागतं. अशांनाच डॉक्टर नवं औषध लिहू शकतात; दुकानातून मागून घेण्याचं हे औषध नाही.

ल्युबिप्रोस्टोनची कॅप्सूल आतड्यात पाणी ओढून मळ मऊ करते. ती जेवणासोबत घ्यावी, म्हणजे मळमळ कमी होते. प्रुकॅलोप्राइड आतड्याची हालचाल वाढवतं. मोठ्यांना रोज २ मिलिग्रॅम, आजींना सुरुवात १ नेच. चार आठवड्यांत गुण आला नाही, तर डॉक्टरांना पुन्हा भेटावं.

शौचात रक्त दिसलं किंवा वजन घटलं, तर आधी तपासणी. पोट फुगून वायूही सरत नसेल, उलट्या होत असतील, तर आतडं अडलेलं असू शकतं. तेव्हा यातलं काहीही न देता थेट दवाखाना गाठा.